सोयाबीनच्या स्लाइड्स: वाक्यं कुठे छाटायची, कुठे हात लावायचा नाही

प्रश्न: "मी शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. खरिपाआधी सोयाबीन बियाण्यावर २२ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलंय. मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर दाखवते आणि मग तीच पीडीएफ गावच्या ग्रुपवर टाकते. शेतकरी म्हणतात मोबाईलवर वाचताच येत नाही. शब्द कमी करायला बसले की अर्थ बदलतो आणि साहेब म्हणतात माहिती कमी झाली. एका स्लाइडवर किती शब्द ठेवायचे? एक स्लाइड सोबत टाकलीये."

उत्तर:

ताई, शब्द किती हे सांगतो, पण आधी तुमची स्लाइड बघून जे वाटलं ते सांगतो. ती एकटी तीन माणसांचं काम करतेय. मीटिंगमध्ये तुम्हाला काय बोलायचं ते आठवून देते, साहेबांना सगळं कव्हर झालंय असं दाखवते, आणि ज्याच्यासाठी केली तो शेतकरी पाचव्या दिवशी गोदामात उभा राहून एका हातात पोतं नि एका हातात मोबाईल धरून ती उघडतो. पहिल्या दोघांना पूर्ण वाक्यं लागतात, तिसऱ्याला अजिबात नकोत. तुम्ही वाक्यं छोटी करायला बसता तेव्हा या तिघांनाही एकाच मजकुरात खूश ठेवायचा प्रयत्न होतो, म्हणून ते वाक्य धड वाक्यही राहत नाही आणि धड सूचनाही होत नाही. आधी ठरवा, ही स्लाइड फक्त तिसऱ्या माणसाची. बाकी दोघांचं काय करायचं ते शेवटी येतं.

मी गेली चौदा-पंधरा वर्षं शेतकरी प्रशिक्षणाचं साहित्य करतो, पहिली काही वर्षं फ्लिपचार्ट आणि घडीपत्रिका, नंतर सगळं मोबाईलवर आलं. त्यामुळे पुढचं जे आहे ते स्वतः करून, चुकून, परत करून आलेलं आहे.

आधी मापाचं बघू, कारण शब्द किती याचं उत्तर मापातूनच निघतं. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असते. साडेसहा इंची मोबाईल उभा धरला तर त्याच्या पडद्याची रुंदी पावणेसात सेंटिमीटर भरते. म्हणजे तुमची स्लाइड मोबाईलवर पाचपट लहान होऊन दिसते, आणि तुम्ही लॅपटॉपवर २० पॉइंटात टाइप केलेलं अक्षर शेतकऱ्याला ४ पॉइंटाचं दिसतं. औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूर आठवा, तसं. वर्तमानपत्राचा मजकूर साधारण नऊ-दहा पॉइंटाचा असतो आणि तो चाळिशी लागलेला माणूसही चष्म्याने आरामात वाचतो, तर आपल्याला तेवढं तरी गाठायचंय. पाचने गुणा, ४५ ते ५० पॉइंट आले. मी ४८ धरतो. गूगल स्लाइड्समध्ये करत असाल तर तिथली स्लाइड मुळात लहान, २५.४ सेंटिमीटरची असते, त्यामुळे तिथे ३६ पॉइंट म्हणजे पॉवरपॉइंटमधले ४८. हा फरक माहीत नसतो म्हणून एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याकडे फसतो.

आता ४८ पॉइंटात देवनागरी लिहून बघा, एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात. ओळी किती, तर शीर्षक धरून पाच, फार तर सहा. मराठीला इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त जागा लागते, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसल्या की मोठं अक्षरही वाचवत नाही. म्हणजे एका स्लाइडवर वीस ते पंचवीस शब्द. तुमच्या स्लाइडवर मी मोजले, ऐंशीच्या आसपास आहेत. म्हणजे ती एक स्लाइड नाहीच, तीन आहेत.

कुणी म्हणेल मोबाईल आडवा धरला की झालं. आडवा धरला तरी आता उंची आडवी येते, स्लाइड जवळपास तीनपट लहान होतेच, २० चं अक्षर ७ चं दिसतं. शिवाय बऱ्याच जणांनी ऑटो-रोटेट बंद ठेवलेलं असतं. झूम करून वाचतील म्हणावं तर झूम केलं की ओळीची सुरुवात दिसते आणि शेवट पडद्याबाहेर जातो, आणि आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. करा की करू नका, तेच नेमकं बाहेर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. प्रोजेक्टर हवाच असेल तर आडवी स्लाइड ठेवा आणि ४८ धरा. फक्त ग्रुपवरच जाणार असेल तर सरळ उभी स्लाइड करा, Design > Slide Size > Custom Slide Size मध्ये जाऊन Portrait, मग २८-३० पॉइंट पुरतात. ओळीत शब्द तेवढेच बसतात, पाच-सहाच, कारण अडचण मोबाईलच्या रुंदीची आहे, पण ओळी दुप्पट-तिप्पट मिळतात. मिळतात म्हणून भरू मात्र नका. दुसरं, स्लाइड बघताना तुमचा आवाज सोबत असणार की नाही. मीटिंगमध्ये असतो, ग्रुपवर नसतो. आवाज सोबत असेल तर "१०० दाणे" एवढंच लिहिलं तरी चालतं, बाकी तुम्ही बोलता. आवाज नसेल तर त्या दोन शब्दांवरून कुणाला काहीच कळत नाही. तुमच्या बाबतीत तीच फाईल दोन्हीकडे जाते, म्हणून अवघड बाजू धरून चालायचं, म्हणजे स्लाइड एकटी वाचली तरी काम करता आलं पाहिजे. जगभरचे सल्ले सांगतात की स्लाइडवर दोन-चार शब्दच ठेवा, ते व्यासपीठावर बोलणाऱ्याचे सल्ले आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आता छाटणी. आपल्या मराठी स्लाइड्समध्ये पहिला चरबीचा थर असतो तो शासकीय क्रियापदांचा. "तपासणी करण्यात यावी", "तपासून घेणे अत्यंत आवश्यक आहे", "वापर करावा", "काळजी घेण्यात यावी". हे सगळं परिपत्रकातून येतं, आपण लिहायला बसलो की हात आपोआप तिकडेच वळतो. तपासा, वापरा, ठेवा, मोजा. एवढ्यानेच तीसेक टक्के मजकूर कमी होतो असा माझा अनुभव आहे आणि अर्थ काडीचाही हलत नाही, उलट कोणी करायचं ते स्पष्ट होतं. "असून", "त्यासाठी", "तसेच", "त्याचप्रमाणे" हे जोडशब्दही जातात, कारण नवी ओळ हेच काम करते. पुढे "उगवणक्षमता" ऐवजी "उगवण", "प्रति एकर" ऐवजी "एकरी". पण "बीजप्रक्रिया" राहू द्या. शब्द जड वाटतो, पण तो गावात रुळलाय, कृषी सहायक बोलतात, दुकानदार बोलतो, शेतकरी स्वतः बोलतो. मी एकदा हौसेने "बियाण्याला औषध लावणे" केलं तर शेतकऱ्यांना वाटलं हे काहीतरी वेगळंच, नवीन आलंय.

इथपर्यंतची छाटणी बिनधोक. अर्थ बदलतो असं तुम्ही म्हणता ते याच्या पुढच्या टप्प्यात होतं. माझ्याकडून झालेलं सांगतो. बीजप्रक्रियेच्या स्लाइडवर मूळ वाक्य होतं की रायझोबियम लावण्याच्या आधी बियाण्याला बुरशीनाशक लावून घ्यावे. मी छाटून लिहिलं:

रायझोबियम आधी बुरशीनाशक

मला ते अगदी सुटसुटीत वाटलं. मला अर्थ माहीत होता ना. एका गावात बैठकीला गेलो तर दोन जणांनी आधी रायझोबियम लावून मग वरून बुरशीनाशक चोळलं होतं. त्यांनी ते "रायझोबियम आधी, बुरशीनाशक" असं वाचलं, आणि तसं वाचणं चूक नव्हतंच. रायझोबियम म्हणजे जिवंत जिवाणू, ते लावून झाल्यावर वरून बुरशीनाशक चोळलं तर जिवाणूंचं नुकसान होतं, म्हणून क्रम आधी बुरशीनाशक, ते वाळू द्यायचं, मग पेरणीच्या थोडं आधी जिवाणू खत, असा असतो. माझ्या चार अक्षरांच्या बचतीने क्रम उलटा झाला. "रायझोबियमआधी" असं जोडून लिहिलं असतं तर व्याकरण वाचलं असतं, पण मोबाईलवर एका जागेचं अंतर कोण बघतो. तेव्हापासून मी क्रम असला की "आधी", "नंतर", "पूर्वी" हे शब्द मधे ठेवतच नाही, वर-खाली आकडे घालून लिहितो:

१. बुरशीनाशक लावा
२. सावलीत वाळवा
३. मग रायझोबियम लावा
४. सावलीत वाळवून लगेच पेरा

शब्द वाढले, तिनाचे अकरा झाले. वाढू देत. इथे शब्द वाचवण्यात काही कमाई नाही.

आपल्या भाषेत छोटं करताना हाच घोळ परत परत होतो. इंग्रजीत चार नामं ओळीने ठेवली की काम भागतं. मराठीत कोणी कोणाला काय करायचं हे शब्दाच्या शेपटीत असतं, ला, ने, वर, आत, च्या. शब्द कमी करताना आपण शेपट्या उडवतो आणि उरतात ती सुटी नामं, ज्यांचं एकमेकांशी नातं वाचणाऱ्याने अंदाजाने लावायचं. म्हणून माझा नियम असा की शब्द अख्खा काढायचा असेल तर काढा, पण जो ठेवला त्याची विभक्ती कापू नका. "गोणपाट १०० दाणे" नको, "ओल्या गोणपाटावर १०० दाणे" हवं. त्यात "ओल्या" सुद्धा काढण्यासारखा विशेषण-शब्द दिसतो पण तो गेला तर चाचणीच गेली.

दुसरी कधीही न कापायची गोष्ट म्हणजे मर्यादा दाखवणारे शब्द, किमान, पर्यंत, पेक्षा कमी, किंवा जास्त. "७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये" याचं "पेरणी: ७५-१०० मिमी पाऊस" केलेलं मी बघितलंय. याचा अर्थ पेरणीला एवढा पाऊस लागतो, की एवढा पाऊस पडेल तेव्हा थांबायचं, की पेरणीनंतर एवढा हवा? "किमान ७५ मिमी पाऊस, मगच पेरा" हे पाच-सहा शब्दच आहेत, ओळीत बसतं, आणि "मगच" मधला च सगळं काम करतो. मराठीतला हा च शब्द वाचवायला फार उपयोगी आहे, वापरा.

तिसरी गोष्ट नकार. मघाशी म्हटलं ना, आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेपटीला. "ओलावा पुरेसा नसताना पेरणी करू नये" हे मोठ्या अक्षरात दोन ओळींत तुटतं, पहिली ओळ "ओलावा पुरेसा नसताना पेरणी" आणि दुसरीत एकटं "करू नये". घाईत वाचणारा पहिली ओळ वाचून पुढे जातो. यावर दोन उपाय. जमेल तिथे नकाराचा होकार करा, "वाळू देऊ नका" च्या ऐवजी "रोज ओल बघा, पाणी शिंपडा", कारण त्यात काय करायचं तेही कळतं. आणि जिथे मनाईच सांगायची आहे तिथे ती वेगळ्या ओळीत, चार शब्दांच्या आत, "हे बियाणं पेरू नका". ओळ कुठे तुटायची ते पॉवरपॉइंटवर सोडू नका, स्वतः Shift+Enter मारून तोडा.

चला, तुमचीच स्लाइड घेऊ. तुम्ही लिहिलंय:

"पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता तपासणे अत्यंत आवश्यक असून त्यासाठी बियाण्यातून सरसकट १०० दाणे मोजून घेऊन ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवावेत व त्यावर दुसरे ओले गोणपाट अंथरून गुंडाळी करून सावलीत ठेवावी. गोणपाट वाळू देऊ नये. सात ते आठ दिवसांनी गुंडाळी उघडून निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा त्यापेक्षा जास्त दाणे उगवल्यास एकरी ३० किलो बियाणे वापरावे, ७० पेक्षा कमी उगवण असल्यास प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो बियाणे वाढवावे व ६० पेक्षा कमी उगवण असल्यास असे बियाणे पेरणीसाठी वापरू नये."

मी यात कात्री लावायच्या आधी एकच गोष्ट बघतो, शेतकरी हे कधी कधी करणार. पहिल्या दिवशी तो दाणे मांडणार. आठव्या दिवशी मोजणार. आणि मोजून झाल्यावर बियाणं किती घ्यायचं ते ठरवणार. तीन वेळा मोबाईल उघडणार, म्हणून तीन स्लाइड्स. तुकडे विषयानुसार पाडण्यापेक्षा मोबाईल उघडायच्या वेळेनुसार पाडले की प्रत्येक स्लाइड आपोआप लहान होते, कारण त्या क्षणाला नको असलेलं सगळं दुसरीकडे जातं.

पहिली:

आज: १०० दाणे मांडा
सगळ्या पोत्यांतून मिळून १०० दाणे
ओल्या गोणपाटावर १०-१० च्या ओळी
वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करा
सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा

"सरसकट" चं मी "सगळ्या पोत्यांतून मिळून" केलं, म्हणजे इथे शब्द वाढवला. कारण सरसकट याचा अर्थ काही जण वरच्या पोत्यातले हाताला येतील ते असा घेतात आणि काही जण त्यातले टपोरे निवडून घेतात. टपोरे निवडले की उगवण फुगून येते आणि शेतात फसगत. "पेरणीपूर्वी उगवणक्षमता तपासणे अत्यंत आवश्यक असून" हा भाग पूर्ण गेला, कारण ज्याने स्लाइड उघडली त्याला ते पटलेलंच आहे, पटवायचं काम मीटिंगमध्ये तुमच्या तोंडून होतं.

दुसरी:

आठव्या दिवशी: मोजा
गुंडाळी हळू उघडा
निरोगी, सरळ कोंब: मोजा
कुजका, तुटका कोंब: सोडा

इथे "सात ते आठ दिवसांनी" चं "आठव्या दिवशी" केलं. मोबाईलवर काम सांगताना दिवसाचा पट्टा दिला की माणूस मधला कुठला हे ठरवत बसतो. पट्ट्यातला एक टोकाचा आकडा घेतल्याने काम बिघडत नसेल तरच एक आकडा द्यायचा. आठव्या दिवशी मोजल्याने बिघडत नाही. पावसाच्या आकड्यात मात्र मी असं करताना "किमान" लावलं होतं, तिथे पट्ट्याचं खालचं टोक महत्त्वाचं आहे. औषधाच्या मात्रेत तर असला हिशोब आपण करायचाच नाही, पुडक्यावर जे लिहिलंय तेच. "कुजका, तुटका" ही ओळ तुमच्या मूळ स्लाइडवर नव्हती. "निरोगी" एवढ्या एका शब्दात ती दडलेली होती आणि बहुतेक जण तो शब्द वगळून नुसते कोंब मोजतात. मोकळी झालेली जागा अशा ठिकाणी खर्च करावी. शक्य झालं तर इथे निरोगी आणि खराब कोंबाचा शेजारी शेजारी फोटो टाका, तो दहा शब्दांचं काम करेल.

तिसरी:

एकरी किती बियाणं?
७० किंवा जास्त उगवले: ३० किलो
६५ उगवले: साडेबत्तीस किलो
६० उगवले: ३५ किलो
६० पेक्षा कमी:
हे बियाणं पेरू नका

"प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे" हे वाक्य बरोबर आहे पण गोदामात उभं राहून ७० वजा ६३ गुणिले अर्धा कोण करणार, आणि कुणापासून वाढवायचं, तीस की पस्तीस, हेही त्यात लिहिलेलं नाही. नियमाची तीन उत्तरं काढून दिली की नियम सांगावा लागत नाही. ६३ आले तर तो आपोआप ३३-३४ च्या घरात जातो, अगदी नेमकं साडेतेहतीस, आणि शेतावर एवढा फरक चालतो. सीमेचे आकडे मात्र दोनदा तपासा. "६० पेक्षा कमी" आणि "६० उगवले" या दोन ओळी असल्यामुळे बरोबर ६० वाल्याला आपलं उत्तर सापडतं. इथे "६०-७०" असं लिहिलं असतं तर ७० वाला वरच्या ओळीत की खालच्या, हा घोळ झाला असता. "साडेबत्तीस" मी मुद्दाम अक्षरात लिहिलंय, ३२.५ मधला टिंब मोबाईलवर हमखास हरवतो आणि ३२५ वाचला जातो. "टक्के" हा शब्द मुळीच नाही हे बघा. १०० दाणे घेतलेत, मग उगवलेले दाणे हेच टक्के.

मूळ ऐंशी शब्दांच्या एका स्लाइडच्या तीन झाल्या आणि एकूण शब्द साठच्या आसपास राहिले. म्हणजे फार काही कापलं गेलं नाही, हे साहेबांना सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल. २२ स्लाइड्सच्या चाळीस होतील, होऊ द्या, मोबाईलवर वरखाली सरकवण्याला त्रास नसतो, झूम करण्याला असतो. फक्त एक करा, चाळीसची एक पीडीएफ टाकू नका. बियाणं तपासणी, बीजप्रक्रिया, पेरणी असे तुकडे करून ज्या त्या आठवड्यात टाका आणि फाईलचं नाव मराठीत द्या, नाहीतर चार दिवसांनी ग्रुपमध्ये ती शोधून सापडत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. टाइप युनिकोडमध्येच करा, जुन्या टंकांत केलेलं दुसऱ्याच्या मोबाईलवर अगम्य चिन्हं होऊन उघडतं. मूळ पॉवरपॉइंट फाईल ग्रुपवर टाकू नका, मोबाईल आपला फॉन्ट घालतो आणि तुम्ही तोडलेल्या ओळी सगळ्या विस्कटतात, पीडीएफच करा. फोटो म्हणून पाठवलं तर लोक पटकन उघडतात हे खरं, पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक जोडाक्षरं पुसट होतात, म्हणून मोठ्या अक्षरांच्या स्लाइड्सच फोटो म्हणून पाठवायच्या लायकीच्या असतात. फार जाड ठसा मजकुराला देऊ नका, ष्ट, द्ध, क्ष यांच्या आतली पोकळी भरून जाते, जाड फक्त शीर्षक. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण देवनागरीला लावूच नका, शिरोरेघ तुटते.

तपासायचं कसं. करतानाच स्लाइडचा झूम २० टक्क्यांवर आणा, लॅपटॉपवर ती जवळपास मोबाईलएवढी दिसते, तिथे वाचता आली नाही तर पुढे जाऊच नका. मग पीडीएफ स्वतःला पाठवून दुपारी उन्हात उघडा, झूम न करता. त्यानंतर खरी परीक्षा, जो मीटिंगला नव्हता अशा एकाला ती दाखवा, मोबाईल खाली ठेवायला सांगा आणि विचारा की आता तुम्ही काय काय कराल. कळलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. करून काय दाखवाल ते विचारा. त्याने क्रम उलटा सांगितला किंवा आकडा सांगून "किमान" गाळला, तर ती ओळ परत लिहायची. माझी रायझोबियमची ओळ अशी एकाला दाखवली असती तर तिथल्या तिथे सापडली असती. गावागणिक शब्द वेगळे पडतात तेही यातच कळतं.

राहिले साहेब आणि तुमचं स्वतःचं बोलणं. मूळ परिच्छेद पुसू नका. पॉवरपॉइंटमध्ये खाली नोट्सची जागा असते, तुमचा ऐंशी शब्दांचा परिच्छेद जसाच्या तसा तिथे टाका, बोलताना समोर दिसतो. साधी पीडीएफ केली की नोट्स त्यात जात नाहीत, म्हणजे शेतकऱ्याकडे फक्त स्लाइड जाते, आणि साहेबांना द्यायची प्रत काढताना प्रिंटमध्ये Notes Pages निवडा, वर स्लाइड आणि खाली पूर्ण मजकूर असा कागद निघतो. माहिती कमी झाली ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकत आलो, हा कागद द्यायला लागल्यापासून परत आली नाही. ज्या गोष्टींचं कारण शेतकऱ्यालाही कळायला हवं, उदाहरणार्थ जिवाणू खत नंतर का, ते स्लाइडवर कोंबू नका, तुमच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा मेसेज रेकॉर्ड करून त्या पीडीएफच्या लगेच खाली टाका. बरेच जण वाचण्याआधी तोच ऐकतात.

सुरुवात बीजप्रक्रियेच्या स्लाइडपासून करा असं मी म्हणेन, कारण तिच्यात क्रमही आहे, मात्राही आहे आणि मनाईही आहे, आणि चूक झाली तर बियाण्याला फटका बसतो. ती तुकडे करून इथे टाका, मी ओळ न् ओळ बघून सांगतो. फक्त औषधाचं नाव आणि मात्रा तुमच्याकडे आलेल्या पुडक्यावरूनच घ्या, गेल्या वर्षीच्या स्लाइडवरून उचलू नका.